टंचाईच्या तक्त्याचा फेरफार

उन्हाळ्याच्या दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टंचाई शाखेतून जे अनेक तक्ते वर जातात, त्यांत टँकरच्या खेपांचा दैनंदिन तक्ता हा दिसण्यात सर्वांत साधा आणि सांभाळण्यात सर्वांत नाजूक, असे त्या शाखेत अव्वल कारकून म्हणून काढलेल्या उन्हाळ्यांनी मला शिकवले. ओळीगणिक एक गाव किंवा एक वाडी. पहिल्या स्तंभात आम्हीच दिलेला त्या गावाचा संकेतांक, मग तालुका, गावाचे नाव, लोकसंख्या, टँकर जिथून भरायचा तो उद्भव, टँकरची क्षमता, मंजूर खेपा, आणि त्यापुढे उजवीकडे रोज एकाने वाढत जाणारे तारखांचे स्तंभ, ज्यांत त्या दिवशी प्रत्यक्ष झालेल्या खेपांचा आकडा भरायचा. एवढाच त्याचा विस्तार. परंतु या इवल्याशा आकड्याला दोन धनी असतात. सायंकाळी त्याची बेरीज होऊन वरिष्ठांकडे जाते, तेव्हा तो बातमी असतो. आणि महिनाअखेर खाजगी टँकरच्या मक्तेदाराचे देयक पुढे येते, तेव्हा टँकरवरील जीपीएसची नोंद आणि गावकऱ्यांच्या सह्यांची खेपवही यांच्याशी त्याची रुजवात घालावी लागते, तेव्हा तोच आकडा सरकारी पैशाचा दाखला होऊन बसतो. बातमी उद्या सुधारता येते. दाखला सुधारायचा तर कोणी, कधी, कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या कारणाने सुधारला, हे सांगता आले पाहिजे.

पूर्वी प्रत्येक पंचायत समितीकडून स्वतंत्र फाइल ईमेलने येत असे, आणि ‘अंतिम’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘अंतिम दुरुस्त नवीन’ अशा नावांच्या त्या फायलींतून खरोखरीची अंतिम कोणती हे ठरवण्यात सायंकाळ निघून जाई. म्हणून सगळ्या तालुक्यांसाठी एकच सामायिक गूगल शीट करण्याची तजवीज झाली, आणि तालुक्याचे कनिष्ठ सहायक आपापल्या ओळींत थेट आकडे भरू लागले. फायलींचा गोंधळ मिटला यात संशय नाही. परंतु पूर्वी चुकीला निदान फाइलचे नाव तरी असे, ते आता उरले नाही. पंधराजण एकाच कागदावर एकाच वेळी लिहीत आहेत आणि पेन सर्वांचे एकाच शाईचे आहे, अशी ती अवस्था होती. त्यावर उपाय म्हणून जो तो एकच वाक्य म्हणे, की काळजी कशाला, यंत्र सगळे लक्षात ठेवते. यंत्र पुष्कळ लक्षात ठेवते हे खरे. पण काय ठेवते आणि काय ठेवत नाही, याची झडती घेण्याचा प्रसंग लवकरच आला.

मे महिन्यातल्या एका दिवसाचे देयक तपासताना मक्तेदाराच्या प्रतिनिधीने हरकत घेतली, की पठारावरच्या अमुक गावी आमच्या टँकरने तीन खेपा घातल्या, जीपीएसमध्ये तीन दिसतात, खेपवहीत तीन सह्या आहेत, आणि तुमच्या तक्त्यात मात्र एकच आहे. त्या तालुक्याची त्या दिवसाची बेरीज पाहिली तर ती बिनचूक: तालुक्याने सायंकाळी दूरध्वनीवर सांगितलेल्या एकूण खेपांशी तंतोतंत जुळणारी. बेरीज जुळते म्हटल्यावर मन साहजिकच मक्तेदारावर संशय घेते, आणि अशा वेळी संशय घेणे हे कारकुनाचे कर्तव्यही आहे. परंतु त्याच तालुक्यातील दुसऱ्या एका वाडीसमोर, जिची लोकसंख्या 260, त्या दिवशी तीन खेपांची नोंद होती. माणशी दिवसाला 20 लिटर या प्रमाणाने त्या वाडीला 5,200 लिटर पाणी लागते आणि टँकर 12,000 लिटरचा. म्हणजे एका खेपेतच तिची गरज भागून पाणी उरावे. उलट पठारावरच्या गावाची वस्ती 1,800, गरज 36,000 लिटरची, म्हणजे बरोबर तीन खेपा. मंजूर खेपांच्या स्तंभात हाच हिशेब सूत्राने बसवलेला होता:

```
=ROUNDUP(D5*20/F5,0)
```

येथे D म्हणजे लोकसंख्या आणि F म्हणजे क्षमता. मंजुरी एक आणि प्रत्यक्ष तीन, किंवा मंजुरी तीन आणि प्रत्यक्ष एक, अशा ओळी त्या तालुक्यात शोधू लागलो तसतशा त्या जोडीजोडीने सापडू लागल्या: जेथे कमी तेथे एक, तर जेथे जास्त तेथे दुसरी. एकही खेप हरवलेली नव्हती. प्रत्येक खेप भलत्याच गावाच्या नावे जमा झाली होती. आकडे जागच्या जागी अदलाबदल झाले तर बेरजेला त्याची वार्ताही लागत नाही, ही गोष्ट अंकगणिताच्या पहिल्या इयत्तेतली असूनही बेरजेवर आयुष्य काढलेल्या माणसांच्या ध्यानात ती सहसा नसते.

आता यंत्राची साक्ष काढायची. वाडीच्या त्या घरावर उजवी कळ दाबून Show edit history हा पर्याय निवडला, तेव्हा त्या एका घराची वंशावळ पुढे आली: तालुक्याच्या खात्यावरून सकाळी 10 वाजून 42 मिनिटांनी एकच्या जागी तीन. शेजारच्या ओळीची वंशावळ काढली, तीही 10:42. त्याखालची, पुन्हा 10:42. येथे प्रकरणाचा उलगडा झाला म्हणावयास हरकत नाही. माणूस जेव्हा एकेक आकडा वाचून एकेक घरात टंकलिखित करतो, तेव्हा सतरा घरांना मिनिटांमागून मिनिटे जातात आणि नोंदींच्या वेळा पायऱ्यापायऱ्यांनी पुढे सरकतात. सतरा घरे एकाच मिनिटात बदलली असतील तर तेथे माणूस लिहीत नव्हता, कोठूनतरी उचललेला अख्खा स्तंभ तेथे चिकटवला गेला होता. मी तालुक्याला दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले, “भाऊसाहेब, आमच्या फायलीत आकडे एकदम बरोबर आहेत, तुमच्याकडे आल्यावर कसे बिघडले ते तुम्हीच बघा.” आणि गंमत अशी, की ते गृहस्थ अक्षरशः खरे बोलत होते. त्यांनी आपल्या सोयीसाठी संगणकात वेगळी एक्सेल फाइल ठेवली होती, तीत गावे अकारविल्हे लावलेली होती. आमच्या तक्त्यात ती उद्भवानुसार होती, कारण टँकर कोणत्या विहिरीवर उभे राहतात हे उपअभियंत्यांना एका दृष्टीत दिसावे. सकाळी त्यांनी आधीच भरलेले आकडे नीट आहेत ना, अशी शंका येऊन आपल्या फायलीतला स्तंभ उचलला आणि आमच्या स्तंभावर ठेवून दिला. अकाराच्या क्रमातले आकडे विहिरींच्या क्रमातल्या गावांसमोर जाऊन बसले. ज्यांच्या खेपा योगायोगाने सारख्या होत्या ती गावे वाचली, बाकीची एकमेकांच्या नावावर गेली.

चूक सापडणे हे निम्मे काम. दुरुस्ती करताना दुसरी चूक न करणे हे उरलेले निम्मे, आणि ते अधिक कठीण. शाखेतल्या एका तरुण सहकाऱ्याने लगेच Version history उघडले, त्या दिवशीच्या 10:42 पूर्वीची प्रत शोधली आणि Restore this version या कळीवर बाण नेऊन ठेवला. त्याचा हात धरावा लागला. ती कळ एका तालुक्याची नाही, एका स्तंभाची नाही. ती दाबल्यास संपूर्ण फाइल त्या क्षणाच्या अवस्थेत जाते, आणि त्या सकाळनंतर साऱ्या जिल्ह्याने जे जे भरले ते ते सर्व समोरून नाहीसे होते. नाहीसे म्हणजे नष्ट नव्हे. इतिहासात ते राहते, कारण पुनःस्थापना हीदेखील यंत्राच्या लेखी एक नवी आवृत्तीच असते. परंतु पंधराजण त्याच वेळी लिहीत असताना असा प्रयोग केला तर काहीजण जुन्यावर भरतील, काहीजण आपले आकडे गेले म्हणून पुन्हा भरतील, आणि मग इतिहासातून सत्य निवडून काढणे ही केवळ तपस्या होऊन बसेल. योग्य रीत अशी, की जुन्या आवृत्तीची तेथूनच वेगळी प्रत करावी, त्या प्रतीतून त्या तालुक्याची, त्या तारखेची, तेवढीच सतरा घरे उचलावीत, गावांचा क्रम दोन्हीकडे तोच आहे याची खात्री संकेतांकावरून करावी, आणि तेवढीच घरे चालू तक्त्यात केवळ मूल्ये म्हणून ठेवावीत. आम्ही तेच केले.

या प्रकरणात यंत्राची साक्ष उपयोगी पडली, आणि त्यामुळे कार्यालयात तिच्याविषयी जो आदर वाढला तो मला थोडा अस्थानी वाटत होता. कारण या साक्षीदाराला काही गोष्टी दिसतच नाहीत. पहिली म्हणजे माणूस. तालुक्याचे खाते हे तालुक्याचे होते. त्याचा परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असे, आणि कनिष्ठ सहायक रजेवर असला की ग्रामपाणीपुरवठ्याचा माणूस, तो नसला की कंत्राटी संगणकचालक, असा जो हाताशी येईल तो त्या खात्यातून भरत असे. इतिहासात नाव मात्र एकच. याहून वाईट म्हणजे एका तालुक्याने सोय म्हणून फाइलचा दुवा असलेल्या कोणालाही लिहिण्याची मुभा देण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली असती तर खात्यात न शिरता लिहिणारे सगळे निनावी म्हणून नोंदले गेले असते, आणि आपल्याजवळ इतिहास असून साक्षीदार नाही, असा प्रकार झाला असता. दुसरी अदृश्य गोष्ट म्हणजे काढून टाकलेली ओळ. घराची वंशावळ घरापाशी असते; घरच गेले तर ती विचारायची कोणाला? एका गावी वळवाचा पाऊस झाला, विहिरीला पाणी आले, टँकर बंद झाला, आणि तालुक्याने व्यवस्थितपणाच्या भरात त्या गावाची ओळच पुसली. टँकर त्या दिवसापासून बंद झाला होता, पण ओळ गेली ती महिनाभराच्या खेपा घेऊन. मागल्या प्रत्येक तारखेची बेरीज गुपचूप खाली आली, आणि आम्ही वर पाठवलेले आकडे व आमच्याच तक्त्यातले आकडे यांत विसंगती उत्पन्न झाली. तिसरी गोष्ट ही, की यंत्र जागा वाचवण्यासाठी अधूनमधून जुन्या आवृत्त्या एकमेकींत मिसळून टाकते. जी आवृत्ती जपायची तिला नाव द्यावे अशी सोय आहे, पण एका शीटला अशी नावे पंधराच देता येतात. रोजच्या तक्त्याचा उन्हाळा पंधरा दिवसांत संपत नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव निराळीच. इतिहास सांगतो की चारच्या जागी तीन झाले. ते का झाले, हे तो कधीही सांगत नाही. आधी लिहिलेले चूक होते म्हणून झाले, की टँकर रात्री उशिरा पोहोचला आणि ग्रामसेवकाने दुसऱ्या दिवशी कळवले म्हणून झाले, की कोणाचा तरी अंगठा चुकून कळेवर पडला म्हणून झाले, हे तिन्ही प्रकार यंत्राला सारखेच. देयक तपासणाऱ्याला मात्र ते तिन्ही वेगळे.

ही उणीव भरून काढण्याच्या आधी कार्यालयात एक मधला काळ गेला, आणि तो या साऱ्या अनुभवातला मला सर्वांत बोधक भाग वाटतो. यंत्र बदल करणाऱ्याचे नाव सांगते हे कळल्यावर साप्ताहिक आढाव्यात त्याचा उपयोग होऊ लागला. मागल्या तारखेचा आकडा का बदलला, असा प्रश्न भर बैठकीत, पडद्यावर तालुक्याचे नाव दाखवून, विचारला जाऊ लागला. दोन बैठकांनंतर मागल्या तारखांचे बदल जवळजवळ थांबले. वरिष्ठांना त्याचा संतोष वाटला. तक्ता स्थिरावला असे त्यांचे मत पडले. मला मात्र मंजुरीपेक्षा जास्त खेपांच्या ओळी एकाएकी वाढल्या हे विचित्र वाटले, आणि त्या ओळी आडव्या वाचत गेलो तेव्हा खरा प्रकार ध्यानात आला. रोज चार खेपांची मंजुरी असलेल्या गावापुढे सोमवारी तीन आणि मंगळवारी पाच. दुसऱ्या गावापुढे गुरुवारी एक आणि शुक्रवारी तीन. सोमवारची राहिलेली खेप सोमवारी वाढवली तर बैठकीत उभे राहावे लागते. मंगळवारच्या खात्यात ती घातली तर कोणी विचारत नाही आणि आठवड्याची बेरीज तर जुळतेच. तालुक्यांनी चुका करणे थांबवले नव्हते, चुका दुरुस्त करणे थांबवले होते, आणि त्यांच्या जागी दोन दोन खोट्या नोंदी ठेवण्याचा शिरस्ता पाडला होता. जीपीएसची नोंद दिवसवार असते. त्यामुळे एका चुकीच्या जागी आता दोन दिवस जुळेनासे झाले. मी त्या तालुक्यांना दोष देत नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाच उभे केल्यावर दुसरे काय होणार होते?

ज्या कार्यालयाच्या भिंतीपलीकडे अभिलेख कक्ष आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर दूर शोधण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 149 आणि 150 अन्वये गाव नमुना 6 मध्ये फेरफार कसा घ्यायचा, हे महसुली कारकुनाला पाठ असते. सातबाऱ्यावरचे नाव कोणी थेट खोडत नाही. हक्कात बदल झाल्याची वर्दी येते, तलाठी फेरफाराच्या नोंदवहीत अनुक्रमांकाने नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हाच सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला कंस होऊन नवे नाव चढते व त्याच्याजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक पडतो. जुने नाव वाचता येते. नवे का आले ते क्रमांकावरून काढता येते. आणि विशेष हे, की फेरफार झाला म्हणून कोणी तलाठ्याला चूक केली असे म्हणत नाही. फेरफार हा व्यवहाराचा नित्य भाग आहे, केवळ त्याला वाट ठरवून दिलेली आहे.

आम्ही त्याच नमुन्यावर आमच्या शीटमध्ये ‘फेरफार’ नावाचे एक वेगळे पान जोडले. नियम थोडे ठेवले. सायंकाळी सहा वाजेपर्यंत चालू तारखेचा स्तंभ तालुक्याचा; त्यात त्याने वाटेल तितकी खाडाखोड करावी, कोणी विचारणार नाही. सहा वाजता आकडा वर गेला की त्या तारखेचा स्तंभ संरक्षित होई, म्हणजे टंचाई शाखेतल्या दोघांखेरीज कोणालाही तेथे लिहिता येत नसे. यानंतर बदल हवा असल्यास तालुक्याने ‘फेरफार’ पानावर एक ओळ भरायची: अनुक्रमांक, आजची तारीख, कोणत्या तारखेचा आकडा, गावाचा संकेतांक, जुना आकडा, नवा आकडा, कारण, आणि भरणाऱ्याचे नाव. कारणासाठी मोकळी जागा ठेवली असती तर सर्वांनी ‘दुरुस्ती’ हाच शब्द लिहिला असता, म्हणून निवडीला चारच पर्याय दिले: लेखनप्रमाद, उशिरा आलेली वर्दी, खेपवहीशी तफावत, जीपीएसशी तफावत. शाखेने पडताळा पाहून शेवटच्या घरात प्रमाणित केल्याची खूण केली, म्हणजे मगच मूळ स्तंभातला आकडा बदलायचा आणि त्या घराला टीप जोडून तीत फेरफाराचा क्रमांक लिहायचा. भरणाऱ्याचे नाव हे येथे खात्याचे नव्हे तर माणसाचे असल्यामुळे काचेखालच्या परवलीच्या शब्दाचा प्रश्नही बव्हंशी निकालात निघाला. पूर्णपणे नव्हे, कारण दुसऱ्याचे नाव लिहिण्यापासून यंत्र कोणाला अडवत नाही. वैयक्तिक खात्यांचा आग्रह धरला, काही तालुक्यांनी तो मानला, काहींनी मानला नाही.

तरुण सहकाऱ्याची सूचना अशी होती, की हे सर्व हाताने कशाला, `onEdit` नावाची लहानशी आज्ञावली लिहून प्रत्येक बदल आपोआप नोंदवू. त्याने लिहिलीही, आणि एकेका घरातल्या बदलाला ती चोख चालली. परंतु जुने मूल्य देणारे `e.oldValue` हे एकच घर बदलले तरच मिळते. अनेक घरांवर एकदम काही चिकटवले तर ते रिकामे येते. म्हणजे ज्या अपघाताने आम्हाला हा खटाटोप करायला लावला, नेमक्या त्याच अपघातापुढे ती आज्ञावली मुकी होती. तिला आम्ही काढून टाकले नाही, पण तिच्यावर विसंबलोही नाही.

विसंबलो ते ताळ्यावर. रोज सहा वाजता प्रत्येक तालुक्याचे दोन आकडे एका संरक्षित पानावर मूल्य म्हणून उतरवून ठेवायचे आणि वर जाणाऱ्या स्वाक्षरीच्या कागदावरही ते छापायचे. पहिला आकडा खेपांची साधी बेरीज. दुसरा, प्रत्येक गावाचा संकेतांक आणि त्याच्या खेपा यांच्या गुणाकारांची बेरीज:

```
=SUMPRODUCT($A$5:$A$21,H$5:H$21)
```

याचा उपयोग उदाहरणानेच पटेल. संकेतांक 4 च्या गावी तीन खेपा आणि संकेतांक 11 च्या वाडीत एक, तर बेरीज चार आणि गुणाकारांची बेरीज 12 अधिक 11, म्हणजे 23. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले तर साधी बेरीज चारच राहते, पण दुसरी होते 4 अधिक 33, म्हणजे 37. अदलाबदल लगेच उघडी पडते. कोणी सबंध ओळी वरखाली लावल्या तर संकेतांक खेपांबरोबरच सरकतात आणि ताळा बदलत नाही, तसा तो बदलण्याचे कारणही नाही. ओळ पुसली तर मात्र दोन्ही आकडे घटतात. दोन चुका एकमेकींना नेमक्या पुसून टाकतील असे क्वचित होऊ शकते, आणि हेतुपुरस्सर फिरवाफिरव करणाऱ्याला हा ताळा रोखणार नाही. पण आमची अडचण लबाडीची नव्हती, घाईची होती. या दोन आकड्यांवरून रोज सकाळची रुजवात सोपी झाली: वर पाठवलेली बेरीज, तीत प्रमाणित फेरफारांची कमीजास्त मिळवायची, आणि उत्तर आजच्या तक्त्यातल्या त्याच तारखेच्या बेरजेशी जुळले पाहिजे. न जुळल्यास, आणि तेव्हाच, यंत्राच्या इतिहासात उतरायचे. बंद झालेल्या टँकरची ओळ पुसण्याऐवजी शेऱ्यात ‘बंद’ आणि तारीख लिहायची, ही सूचनाही याच ताळ्यामुळे तालुक्यांच्या अंगवळणी पडली, कारण ओळ पुसली की दुसऱ्या सकाळी आमचा दूरध्वनी ठरलेला.

बैठकीत पडद्यावर नावे दाखवण्याची पद्धत बंद करण्याची विनंती मी साहेबांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. त्याऐवजी आठवड्यातले फेरफार कारणवार वाचून दाखवले जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात फेरफारांची संख्या बरीच फुगली. त्या फुगण्याचे मला बरे वाटले, कारण तीन-पाचच्या जोड्या त्याच आठवड्यात कमी होऊ लागल्या होत्या. उशिरा आलेल्या वर्दीचे फेरफार एका तालुक्यात इतरांहून फार अधिक दिसू लागले, तेव्हा चौकशीअंती निष्पन्न झाले की तेथे शेवटची खेप सहानंतर पडत असे. त्या तालुक्यापुरती आकड्याची वेळ दुसऱ्या सकाळी नऊवर नेली, आणि ते फेरफार बहुतेक संपले.

फाइलच्या मालकीविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. मूळ फाइल एका कंत्राटी संगणकचालकाच्या खाजगी खात्यात निर्माण झाली होती, आणि त्याची मुदत संपून तो गेला तरी कागदोपत्री धनी तोच होता. त्याने आपल्या संग्रहाची साफसफाई करताना ती फाइल कायमची काढली असती तर आमचा उन्हाळा तिच्याबरोबर गेला असता. आपण नवी प्रत करून घेऊ, असे सहकाऱ्याचे म्हणणे पडले. पण प्रतीबरोबर इतिहास येत नाही, प्रतीचा इतिहास प्रत केल्या क्षणापासून सुरू होतो. म्हणून त्या गृहस्थाला बोलावून, चहा पाजून, मालकी कार्यालयाच्या खात्यावर वर्ग करून घेतली. ऋतू संपल्यावर दप्तरात ठेवण्यासाठी फाइल एक्सेलमध्ये उतरवली तेव्हाही यंत्राचा इतिहास तिच्याबरोबर आला नाही. ‘फेरफार’चे पान मात्र आले, कारण ते स्वतःच एक तक्ता होते.

पुढे लेखापरीक्षण झाले तेव्हा परीक्षकांनी वर पाठवलेला अहवाल आणि देयकांसोबतचा तक्ता शेजारी ठेवून तफावतींची यादी काढली. बहुतेक तफावतींपुढे फेरफाराचा क्रमांक लिहून देता आला, आणि प्रत्येक क्रमांकामागे खेपवहीचे पान किंवा जीपीएसचा उतारा जोडता आला. ‘फेरफार’ पान सुरू होण्यापूर्वीच्या एका तारखेला मात्र एका गावाच्या दोन खेपा वाढवल्या गेल्या होत्या. वेळ सापडली, खाते सापडले, ते खाते तालुक्याचे होते. त्या दिवशी त्या खात्यातून कोण लिहीत होते हे तालुक्यात कोणालाही सांगता आले नाही, आणि खेपवहीचे ते पान भिजलेले निघाले. जीपीएसच्या नोंदीत दोन्ही खेपा होत्या, म्हणून रक्कम देय ठरते असे आम्ही अनुपालनात लिहिले. परीक्षकांचे म्हणणे असे, की खेप झाली हे मान्य, पण नोंद कोणी व कोणाच्या परवानगीने बदलली याचा खुलासा नाही. तो परिच्छेद अद्याप प्रलंबित आहे.